विशेष अनुमती याचिका आणि मातृभाषेचा खटला
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



सर्वोच्च न्यायालयात दाद मागणे म्हणजे तिसऱ्यांदा तोच खटला लढणे, अशी पुष्कळांची समजूत असते. खालच्या न्यायालयात हरलो, उच्च न्यायालयात हरलो, आता दिल्लीला जाऊ, असे सहज म्हटले जाते. प्रत्यक्षात दिल्लीच्या त्या इमारतीत प्रवेश मिळवण्यासाठी आधी परवानगी मागावी लागते, आणि परवानगीचा अर्ज हाच एक स्वतंत्र, अवघड असा लेखनप्रकार आहे. त्याचे नाव विशेष अनुमती याचिका. राज्यघटनेच्या १३६ व्या अनुच्छेदाने सर्वोच्च न्यायालयाला असा अधिकार दिला आहे की, देशातील कोणत्याही न्यायालयाच्या किंवा न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध अपील करण्याची विशेष अनुमती त्याने स्वेच्छाधिकारात द्यावी. सशस्त्र दलांसाठी केलेल्या कायद्याखालील न्यायाधिकरणे तेवढी यातून वगळलेली आहेत. या व्यवस्थेतला महत्त्वाचा शब्द ‘स्वेच्छाधिकार’ हा आहे. अपील हा पक्षकाराचा हक्क असतो, अनुमती हा नव्हे. १९५० सालीच, म्हणजे न्यायालय स्थापन झाले त्याच वर्षी, प्रीतम सिंग यांच्या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की हा अधिकार जपून आणि अपवादात्मक परिस्थितीतच वापरायचा आहे.

मराठी माध्यमाच्या शाळेच्या व्यासपीठावर हा विषय कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर त्याचे उत्तर एका खटल्यात आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करता येते काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे अशाच एका याचिकेच्या वाटेने पोहोचला. तो खटला कर्नाटकचा होता. महाराष्ट्राबाहेर चालणाऱ्या प्रत्येक मराठी शाळेचा त्याच्याशी संबंध आहे. आणि त्याचा निकाल मातृभाषेच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सरकारच्या विरुद्ध गेला. तो तसा का गेला, हे समजून घ्यायचे तर प्रश्न कसे मांडले गेले, इकडे पाहावे लागते.

आधी घटनाक्रम पाहू. याचिकेतही तो असाच, तारीखवार, सुरुवातीलाच द्यावा लागतो.

१९८२ साली कर्नाटक सरकारने कन्नडला माध्यमिक शाळांत एकमेव प्रथम भाषेचे स्थान देणारा आदेश काढला. भाषिक अल्पसंख्याकांनी त्याला आव्हान दिले आणि जानेवारी १९८९ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो रद्द ठरवला. सरकारने त्याच वर्षी जूनमध्ये नवा आदेश काढला. त्यात पहिली ते चौथीपर्यंत सामान्यतः मातृभाषा हे माध्यम असेल अशी अपेक्षा व्यक्त केली होती. हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९३ मध्ये, इंग्रजी माध्यमाच्या पालक संघटनेच्या प्रकरणात, ग्राह्य धरला. या यशाने उत्साहित होऊन सरकारने २९ एप्रिल १९९४ रोजी पुढचे पाऊल टाकले. आता ‘सामान्यतः अपेक्षा’ हे शब्द गेले. शासनमान्य अशा सर्व शाळांत १९९४-९५ पासून पहिली ते चौथीचे माध्यम मातृभाषा किंवा कन्नड असेच राहील, इंग्रजी माध्यमात फक्त इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांनाच शिकता येईल, आणि अटी न पाळणाऱ्या अनधिकृत शाळा बंद केल्या जातील, असे त्या आदेशाच्या कलमांत होते. विनाअनुदानित इंग्रजी शाळांच्या संघटनेने आव्हान दिले. २ जुलै २००८ रोजी उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने निकाल दिला की, सरकारी आणि अनुदानित शाळांपुरता आदेश टिकतो, पण स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या खासगी शाळांना तो लागू करता येणार नाही.

या निकालाविरुद्ध कर्नाटक सरकार दिल्लीला गेले. येथून याचिकेची गोष्ट सुरू होते.

याचिका लिहिणाऱ्या वकिलासमोर सर्वप्रथम घड्याळ असते. उच्च न्यायालयाच्या निकालापासून नव्वद दिवसांत ती दाखल व्हावी लागते. निकाल २ जुलैचा धरला तर नव्वदावा दिवस ३० सप्टेंबरला येतो. निकालाची प्रमाणित नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस यातून वगळले जातात. त्यापुढे उशीर झाला तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज जोडावा लागतो आणि त्यात दिवसागणिक कारण द्यावे लागते. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर गेली, एवढे कारण सरकारी खात्यांकडूनही नेहमी मान्य होईल असे नाही. दुसरे बंधन माणसांचे. सर्वोच्च न्यायालयात याचिका कोणताही वकील दाखल करू शकत नाही. त्यासाठी न्यायालयाची परीक्षा उत्तीर्ण होऊन नोंदणी झालेला ‘अॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड’ लागतो. युक्तिवाद कितीही मोठ्या विधिज्ञाने केला तरी कागदांवर सही याची असते, आणि कागदांची जबाबदारीही याचीच.

याचिकेचा साचा न्यायालयाच्या २०१३ च्या नियमांत, २८ क्रमांकाच्या नमुन्यात, ठरवून दिलेला आहे. सुरुवातीला सारांश आणि तारखांची यादी. मग ज्या निकालाविरुद्ध तक्रार आहे तो निकाल. त्यानंतर याचिकेचा देह सुरू होतो, आणि त्याच्या अगदी आरंभी एक परिच्छेद असतो: प्रस्तुत प्रकरणात पुढील कायद्याचे प्रश्न उपस्थित होतात. त्यानंतर याच निकालाविरुद्ध दुसरी कोणती याचिका केलेली नाही असे निवेदन, जोडलेली कागदपत्रे खालच्या न्यायालयाच्या अभिलेखातलीच आहेत असे निवेदन, मग अनुमती का द्यावी याचे आधार, अंतरिम दिलाशाचे आधार, आणि शेवटी विनंती. आधार पंधरा-वीसही असतात. पण कायद्याचे प्रश्न चार-पाचच असावेत, असा जाणत्यांचा आग्रह असतो. यामागे व्यवहार आहे. दीर्घकाळ अशा याचिका सोमवारी आणि शुक्रवारी ऐकल्या जात आल्या आहेत, आणि एका दिवसाच्या यादीत त्या इतक्या असतात की एकेकीच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. न्यायमूर्तींनी आदल्या रात्री कागद वाचलेले असतात. त्या वाचनात नजर जिथे थांबते ती जागा म्हणजे हा प्रश्नांचा परिच्छेद.

चांगला प्रश्न आणि वाईट प्रश्न यांतला फरक शाळेच्या फळ्यावर मांडण्याइतका साधा आहे. कर्नाटकाच्या प्रकरणाचेच उदाहरण घेऊ. पुढील वाक्ये समजण्यापुरती केलेली आहेत, ती प्रत्यक्ष याचिकेतली नव्हेत. समजा, वकिलाने लिहिले: ‘उच्च न्यायालयाचा निकाल चुकीचा आहे काय?’ हा प्रश्न नाहीच, ती केवळ हरलेल्याची तक्रार आहे. निकाल चुकला एवढ्यावर सर्वोच्च न्यायालय हात घालत नाही. समजा, लिहिले: ‘लहान मुलाला मातृभाषेतून शिकवणे अधिक हितकारक आहे काय?’ प्रश्न महत्त्वाचा आहे, शिक्षकांच्या सभेत तो दिवसभर चर्चिला जाईल, पण तो कायद्याचा प्रश्न नाही. तो शिक्षणशास्त्राचा आहे. न्यायालय म्हणेल की तज्ज्ञ काय म्हणतात ते आम्ही मान्य करतो, पुढे काय? आता तिसरे वाक्य पाहा: ‘मातृभाषेतून शिक्षण मुलाच्या हिताचे आहे असे तज्ज्ञांचे मत असताना, राज्य सरकार मान्यतेची अट म्हणून खासगी विनाअनुदानित शाळेवर ते माध्यम लादू शकते काय, आणि तसे केल्यास अनुच्छेद १९ मधील हक्कांचा भंग होतो काय?’ यात तथ्यांचा वाद उरलेला नाही. तज्ज्ञांचे मत गृहीत धरलेले आहे. वाद राहिला आहे तो राज्याच्या अधिकाराच्या सीमेचा, आणि त्याचे उत्तर एकदा मिळाले की ते देशभरातल्या शाळांना लागू होईल.

कायद्याचा कोणता प्रश्न ‘महत्त्वाचा’ मानावा याची जुनी कसोटी १९६२ च्या सर चुनीलाल मेहता यांच्या प्रकरणात आहे. हे प्रकरण मुंबईचे. तिचा सारांश असा सांगता येईल: प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा हवा किंवा त्याचा पक्षकारांच्या हक्कांवर थेट आणि मोठा परिणाम होणारा हवा. शिवाय तो अजून अंतिमतः सुटलेला नसावा, किंवा सहज सुटण्यासारखा नसावा, त्यावर दोन मते संभवत असावीत. जिथे तत्त्व ठरून गेले आहे आणि फक्त ते या तथ्यांना लावायचे आहे, तिथे महत्त्वाचा प्रश्न नाही. अनुच्छेद १३६ च्या शब्दांत ही कसोटी बंधनकारक म्हणून लिहिलेली नाही, हे खरे. न्यायालयाने या अधिकाराला चौकटीत बसवण्याचे नाकारले आहे, आणि २०१६ च्या जानेवारीत घटनापीठानेही तशी मार्गदर्शक सूत्रे आखण्याची गरज नाही असेच म्हटले. पण लिहिणाऱ्याने ही कसोटी डोळ्यांसमोर ठेवली की हात आपोआप योग्य जागी जातो.

कर्नाटक सरकारच्या हातात एक चांगला धागा होता. १९९३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सरकारच्या बाजूचा होता आणि २००८ चा उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध. वरिष्ठ न्यायालयाच्या निर्णयाशी कनिष्ठाचा निर्णय विसंगत दिसतो, असे दाखवता आले तर हस्तक्षेपाची गरज वेगळी सांगावी लागत नाही. दोन उच्च न्यायालयांची परस्परविरोधी मते, सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्वीच्या निकालाशी विसंगती, किंवा कायद्याच्या एखाद्या कलमाचा आजवर न लागलेला अर्थ, ही याचिकेच्या दारावरची सर्वांत परिणामकारक थाप असते. पण याच धाग्याला एक गाठ होती. १९८९ च्या आदेशात मातृभाषा ही ‘सामान्यतः अपेक्षित’ होती, १९९४ च्या आदेशात ती सक्तीची झाली. अपेक्षा मान्य करणारा निकाल सक्तीलाही पुरतो काय? सरकारला म्हणायचे होते, पुरतो. शाळांना म्हणायचे होते, तो प्रश्न तेव्हा न्यायालयापुढे नव्हताच. गाठ सुटत नव्हती, आणि नेमके म्हणूनच हे प्रकरण अनुमतीच्या लायक होते. एका शब्दाच्या फेरफाराने नवा प्रश्न जन्माला आला होता.

अनुमती मिळाली म्हणजे नेमके काय होते, हेही समजून घेण्यासारखे आहे. याचिका आणि अपील या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, असे न्यायालयाने कुन्हयाम्मद यांच्या प्रकरणात, २००० साली, नीट समजावून सांगितले. पहिल्या पायरीवर न्यायालय फक्त दार उघडायचे की नाही ते ठरवते. याचिका कारण न देता फेटाळली तर उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला असा अर्थ होत नाही. तो निकाल तसाच उभा राहतो, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात विलीन होत नाही. वृत्तपत्रांत अनेकदा ‘सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले’ असे छापून येते तेव्हा पुष्कळदा प्रत्यक्षात दार उघडले गेले नाही एवढेच घडलेले असते. ‘अनुमती दिली’ हे दोन शब्द आदेशात आले की मात्र याचिकेचे अपील होते, तिला अपिलाचा नवा क्रमांक मिळतो आणि दुसरी पायरी सुरू होते. कर्नाटकाच्या याचिकांना दिवाणी अपिलांचे क्रमांक मिळाले ते २०१३ साली.

५ जुलै २०१३ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने हे प्रकरण स्वतः न ठरवता मोठ्या पीठाकडे पाठवण्याचे ठरवले. कारण घटनेच्याच १४५ व्या अनुच्छेदात आहे: घटनेच्या अर्थासंबंधी महत्त्वाचा प्रश्न असेल तर किमान पाच न्यायमूर्तींनी बसायला हवे. पाठवताना पीठाने पाच प्रश्न आखून दिले, आणि ते इथे क्रमाने सांगण्यासारखे आहेत. मातृभाषा म्हणजे काय, आणि ती मुलाला सोयीची वाटणारी भाषा असेल तर ते कोणी ठरवायचे? प्राथमिक टप्प्यावर माध्यम निवडण्याचा हक्क विद्यार्थ्याला, पालकाला किंवा नागरिकाला आहे काय? मातृभाषा लादल्याने अनुच्छेद १४, १९, २९ आणि ३० मधील मूलभूत हक्कांना बाधा येते काय? शासनमान्य शाळांत अनुदानित आणि खासगी विनाअनुदानित अशा दोन्ही शाळा येतात काय? आणि अनुच्छेद ३५०-अ च्या आधारे राज्य भाषिक अल्पसंख्याकांना मातृभाषेचेच माध्यम घ्यायला भाग पाडू शकते काय?

या पाच प्रश्नांची बांधणी बारकाईने पाहावी. पहिला प्रश्न व्याख्येचा आहे, कारण ज्या शब्दावर सगळे उभे आहे त्याचा अर्थच ठरलेला नव्हता. चौथा प्रश्न वरवर किरकोळ, पण आदेशात ‘शासनमान्य शाळा’ असे शब्द होते, त्यांची व्याप्ती ठरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. पाचवा प्रश्न सर्वांत धारदार. ३५०-अ हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे सांगतो. राज्यपुनर्रचनेच्या वेळी, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने तो आला. जो अनुच्छेद अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी घातला, त्याचाच सक्तीसाठी वापर होऊ शकतो काय, असे तो प्रश्न विचारतो. संरक्षणाची ढाल उलटी धरली तर तिची भिंत होते काय, एवढाच त्याचा मथितार्थ.

आणि तिसरा प्रश्न. खटला हरला तो इथे, आणि इथेच प्रश्नाची मांडणी काय करू शकते हे दिसते.

अनुच्छेद १९ मध्ये नागरिकांची अनेक स्वातंत्र्ये आहेत. त्यातली दोन इथे लागू होत होती: १९(१)(छ) खालील व्यवसायाचे स्वातंत्र्य, म्हणजे शाळा चालवण्याचे, आणि १९(१)(क) खालील भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य. या प्रत्येक स्वातंत्र्यावर राज्य काही बंधने घालू शकते, पण बंधनांची कारणे घटनेनेच वेगवेगळी लिहून ठेवली आहेत. शाळा चालवण्याच्या स्वातंत्र्यावर ‘सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी’ वाजवी बंधन घालता येते. ही झोळी मोठी आहे, तीत मुलाच्या बौद्धिक विकासाचा युक्तिवाद बसवता येतो. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर मात्र देशाचे सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी अशा मोजक्याच कारणांसाठी बंधन घालता येते. ‘मुलाचे शैक्षणिक हित’ असे कारण त्या यादीत नाही. प्रश्न केवळ शाळांच्या व्यवसायाचा म्हणून उभा राहिला असता तर सरकारला निदान झगडता आले असते. पण दुसऱ्या प्रश्नाने पालक आणि मूल यांना मंचावर आणले. माध्यम निवडणे हा पालकाच्या अभिव्यक्तीचा भाग आहे असे एकदा मान्य झाले की सरकारचा सर्वांत बळकट युक्तिवाद, म्हणजे मुलाचे हित, कायद्याच्या दृष्टीने निरुपयोगी होतो. तो खोटा ठरत नाही, फक्त यादीत बसत नाही.

६ मे २०१४ रोजी घटनापीठाने, सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली आणि न्यायमूर्ती ए. के. पटनाईक यांनी लिहिलेल्या निकालात, तसेच ठरवले. मातृभाषा म्हणजे त्या राज्यातील भाषिक अल्पसंख्याकाची भाषा, आणि ती कोणती हे पालकाने ठरवायचे. मूल स्वतः, किंवा त्याच्या वतीने पालक, प्राथमिक टप्प्यावरचे माध्यम निवडू शकतो आणि ते स्वातंत्र्य १९(१)(क) मध्ये अंतर्भूत आहे. मातृभाषा लादल्याने अनुच्छेद १९ चे हक्क बाधित होतात. शासनमान्य शाळांत विनाअनुदानितही येतात. ३५०-अ खाली राज्याला सक्तीचा अधिकार नाही. शाळा चालवण्याच्या हक्काच्या बाजूनेही न्यायालय सरकारला अनुकूल राहिले नाही. शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी मान्यतेच्या अटी घालता येतात, पण माध्यम कोणते ते मान्यतेची अट म्हणून लादता येत नाही, असे त्याचे म्हणणे. सरकारची अपिले फेटाळली गेली.

येथे थोडे थांबून एक गोष्ट बोलायला हवी. मराठी माध्यमाची शाळा चालवणाऱ्यांना हा निकाल गोड वाटण्याचे कारण नाही. मातृभाषेतून शिकलेल्या मुलाची समज पक्की होते हा ज्यांचा रोजचा अनुभव आहे, त्यांना न्यायालयाने तो अनुभव बाजूला ठेवला असे वाटू शकते. पण जरा उलट कल्पना करून पाहावी. १९९४ च्या आदेशात मातृभाषा ‘किंवा कन्नड’ असे शब्द होते. दुसऱ्या एखाद्या राज्यात, दुसऱ्या एखाद्या सरकारने, राज्यभाषेचेच माध्यम सक्तीचे केले तर मराठी शाळेच्या पालकांना कशाचा आधार राहील? याच निकालाचा. निवडीचा हक्क पालकाचा, हे तत्त्व इंग्रजी शाळेच्या दारात सिद्ध झाले, पण ते तिथेच थांबत नाही. शिवाय ३५०-अ चे मूळचे कर्तव्य कायम आहे. मुलांना मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी द्याव्यात, ही जबाबदारी राज्यावरच आहे. न्यायालयाने सक्तीचे बळ नाकारले, सोयीचे कर्तव्य नव्हे.

निकालाची एक बाजू मात्र त्रासदायकच म्हणावी लागेल, आणि ती कायद्याची नाही, वेळेची आहे. जून १९९४ मध्ये पाचव्या-सहाव्या वर्षी पहिलीत बसलेले मूल मे २०१४ मध्ये पंचविशीला पोहोचले होते. कोणत्या भाषेतून शिकावे हा प्रश्न सुटेपर्यंत ते शिकून बाहेर पडलेले होते. म्हणूनच याचिकेत अंतरिम दिलाशाचा वेगळा परिच्छेद असतो. स्थगिती मागताना पक्षकाराने दाखवायचे असते की आज हस्तक्षेप झाला नाही तर नंतरचा विजय कागदावरच राहील. शाळेच्या प्रकरणात हे दाखवणे तुलनेने सोपे असते, कारण शैक्षणिक वर्षाची तारीख कोणालाही थांबवता येत नाही. आणि तरीही अनेक याचिकांत तो परिच्छेद दोन ओळींत उरकलेला आढळतो.

अनेकदा याचिका कोसळतात त्या दुसऱ्या एका कारणाने, आणि ते इथल्या श्रोत्यांच्या अगदी कामाचे आहे. नियमाप्रमाणे विशेष अनुमती याचिका खालच्या न्यायालयातील अभिलेखापुरती मर्यादित असते. जे कागद, जे म्हणणे तिथे मांडले नाही, ते इथे साधारणतः पहिल्यांदा मांडता येत नाही. मांडायचे तर वेगळी परवानगी लागते आणि उशीर का झाला ते सांगावे लागते. दिल्लीतला वकील कितीही हुशार असला तरी बंगळुरू, हैदराबाद किंवा भोपाळच्या कज्ज्यात न मांडलेला मुद्दा त्याला निर्माण करता येत नाही. प्रश्न चांगला लिहिला जातो तो उच्च न्यायालयाच्या पहिल्या अर्जातच.

शाळेच्या बाबतीत हा पुरावा कुठे असतो? प्रवेशपुस्तकात. प्रवेशाच्या छापील अर्जावर ‘मातृभाषा’ असा एक रकाना असतो. पालक तो भरतात, लिपिक तो नोंदवहीत उतरवतो, आणि पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही तो येतो. घटनापीठाच्या पहिल्या उत्तरानंतर या रकान्याचे वजन वाढले आहे. मातृभाषा कोणती हे पालक ठरवतो, म्हणजे पालकाने त्या रकान्यात जे लिहिले ते शब्दशः पुरावा आहे. घाईत रिकामा राहिलेला रकाना, किंवा वर्गशिक्षकाने पालकाला न विचारता भरलेला रकाना, हा पुराव्यातला खड्डा ठरू शकतो. भाषिक अल्पसंख्याकांसाठी अनुच्छेद ३५०-ब खाली विशेष अधिकारी आहे. सोयी कमी पडत असतील तर शाळेने आणि पालकांनी त्याच्याकडे लेखी जाण्याची वाट आहे. तो पत्रव्यवहारही जपून ठेवला आणि पुढे उच्च न्यायालयातील अर्जासोबत जोडला, की अभिलेखाचा भाग होतो.

मातृभाषेचा प्रश्न उलट दिशेनेही न्यायालयात आला आहे, एवढे सांगून हा विषय संपवता येईल. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये आंध्र प्रदेश सरकारने सरकारी शाळांत प्राथमिक वर्गांपासून इंग्रजी माध्यम सक्तीचे करण्याचे आदेश काढले. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ते रद्द केले, आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, त्याच १३६ च्या दाराने. कर्नाटकात सरकार मातृभाषेच्या बाजूने होते, आंध्रात इंग्रजीच्या. पण दोन्हीकडे याचिकेच्या पहिल्या परिच्छेदात जो प्रश्न बसवावा लागतो तो जवळपास एकच आहे: माध्यम ठरवणारा कोण, राज्य की पालक. कर्नाटकातल्या शाळा खासगी होत्या, आंध्रातल्या सरकारी. त्यामुळे २०१४ चे उत्तर तिथे जसेच्या तसे लावता येते काय, हा स्वतंत्र कायद्याचा प्रश्न होतो, आणि तो याचिकेत कोणत्या शब्दांत लिहायचा ते पुन्हा एकदा बसून ठरवावे लागते.